लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा का फसफसतो : विज्ञान दिनाच्या तीन मिनिटांच्या भाषणाची तयारी

28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांमध्ये त्या दिवशी लिंबू-सोड्याचा प्रयोग हमखास होतो. साहित्य घरात असते आणि परिणाम लगेच दिसतो, त्यामुळे प्रयोग बहुधा जमतो. चूक होते ती भाषणात. पुष्कळ विद्यार्थी सांगतात की आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की वायू तयार होतो. हे विधान बरोबर नाही, आणि परीक्षक नेमका त्यावरच प्रश्न विचारतात. दुसरी चूक क्रमाची असते. प्रस्तावना, आभार आणि व्याख्या संपवून विद्यार्थी रस ओततो तेव्हा वेळ संपत आलेली असते, आणि स्पष्टीकरण घाईघाईत उरकले जाते. पुढील टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी दिले आहेत. ते इयत्ता सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिले आहेत. नववी-दहावीसाठी कोठे काय वाढवावे तेही त्या त्या जागी सांगितले आहे.

## टप्पा 1 : काय सांगायचे ते आधी पक्के करावे

लेखणी हातात घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला पुढील गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली पाहिजे.

लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट; त्याचे पाण्यातले द्रावण सौम्य आम्लारिधर्मी असते. दोन्ही एकत्र आले की एकामागून एक दोन घटना घडतात. पहिल्या घटनेत सोडा आम्लाचा आम्लपणा संपवतो. हे उदासिनीकरण होय, आणि त्यातून सोडियम सायट्रेट नावाचा क्षार तयार होतो. त्याच वेळी कार्बोनिक आम्लही तयार होते. ते अस्थिर असल्यामुळे दुसऱ्या घटनेत त्याचे तत्काळ विघटन होते आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड वायू मिळतो. बुडबुडे या दुसऱ्या घटनेमुळे येतात.

म्हणून "उदासिनीकरणामुळे वायू तयार होतो" असे सरसकट म्हणता येत नाही. चुन्याच्या स्वच्छ निवळीत लिंबाचा रस घातला तरी उदासिनीकरण होते, पण फेस येत नाही, कारण निवळीतील आम्लारीमध्ये बायकार्बोनेट नसते. सोड्यात ते असते, म्हणून सोडा फसफसतो. संपूर्ण भाषणाचा कणा हा एवढाच आहे आणि बाकी सर्व वाक्ये त्याच्या आधाराला येतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने फळ्यावर किंवा तक्त्यावर पुढील समीकरण लिहावे. खालच्या वर्गातील मुलांना ते पाठ करायला लावू नये, कारण मध्येच एक अंक चुकला की पुढचे सर्व भाषण डळमळते.

H3C6H5O7 + 3NaHCO3 → Na3C6H5O7 + 3H2O + 3CO2

इशारा : आम्लारी आणि क्षार या संज्ञांची अदलाबदल होऊ देऊ नये. सोडा येथे आम्लारीचे काम करतो, तर क्षार हा अभिक्रियेनंतर मिळणारा पदार्थ आहे. घरातील मोठी माणसे सोड्यालाच खार किंवा क्षार म्हणतात, त्यामुळे ही गल्लत मुलांच्या तोंडी सहज येते.

पडताळणी : वही मिटून विद्यार्थ्याला विचारावे, "निवळीत लिंबू पिळले तर फेस का येत नाही?" उत्तर देता आले तरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

## टप्पा 2 : साहित्य ओळखून घ्यावे आणि मोजावे

खान्देशात फेब्रुवारी-मार्च म्हणजे पापड-बिबड्यांचे दिवस. या काळात स्वयंपाकघराच्या फळीवर खाण्याचा सोडा आणि पापडखार शेजारी शेजारी असतात, आणि मोरीजवळ धुण्याचा सोडाही असतो. तिन्ही पांढरे दिसतात, परंतु ते निरनिराळे पदार्थ आहेत. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तोही लिंबाच्या रसात फसफसतो, त्यामुळे "फेस आला, म्हणजे हा खाण्याचा सोडा" हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. शिवाय तो अधिक तीव्र असून त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. म्हणून डब्यातली सुटी पूड न घेता, नाव छापलेले छोटे पाकीट नवे आणावे.

बेकिंग पावडरही घेऊ नये. तिच्यात सोड्याबरोबर कोरडे आम्ल आधीच मिसळलेले असते, त्यामुळे ती नुसत्या पाण्यातही फसफसते आणि प्रयोगातील तुलनाच नाहीशी होते.

लागणारे साहित्य थोडे आहे. दोन उभट आणि अरुंद पारदर्शक ग्लास, एक ताट, सोडा, पाच-सहा कागदी लिंबे, गाळणी, साधे पाणी आणि काळ्या कागदाचा एक पुठ्ठा. मोजमापासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे छोटे माप स्वच्छ धुऊन वापरावे. त्यावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात. चहाचा चमचा प्रत्येक घरात वेगळ्या आकाराचा असल्यामुळे त्याच्यावर विसंबू नये.

आता प्रमाणाचा विचार करू, कारण प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा येथेच. फेस जास्त यावा म्हणून मुले सोडा भरपूर टाकतात. प्रत्यक्षात फेस किती येणार हे रसातील आम्ल ठरवते. लिंबाच्या रसात साधारणपणे 5 टक्क्यांच्या आसपास सायट्रिक आम्ल असते, म्हणजे 20 मिली रसात सुमारे 1 ग्रॅम. वरील समीकरणानुसार 192 ग्रॅम सायट्रिक आम्लाला 252 ग्रॅम सोडा लागतो. या हिशेबाने 1 ग्रॅम आम्लाला साधारण 1.3 ग्रॅम सोडा पुरतो, आणि 5 मिलीच्या चमच्यात सपाट भरलेला सोडा जवळजवळ 5 ग्रॅम असतो. म्हणजेच 20 मिली रसासाठी पाव चमचा सोडा पुरेसा आहे. त्यातून साडेतीनशे ते चारशे मिली वायू तयार होऊ शकतो, म्हणजे ओतलेल्या रसाच्या सतरा-अठरा पटींहून अधिक.

आता कोणी भरलेला चमचा टाकला तर काय होते ते पाहावे. सुमारे 1.3 ग्रॅम सोडा अभिक्रियेत वापरला जातो. उरलेल्यापैकी काही त्या थोड्या पाण्यात विरघळतो, आणि बाकीचा पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. मग विद्यार्थी तो गाळ दाखवून "हा पाहा तयार झालेला क्षार" असे सांगतो. ते खरे नसते. सोडियम सायट्रेट पाण्यात विरघळलेले असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. तळाशी बसलेला पदार्थ म्हणजे न वापरलेला सोडा होय.

पडताळणी : ग्लासात अर्धी वाटी साधे पाणी घेऊन त्यात पाव चमचा सोडा टाकावा. सुरुवातीला पुडीत अडकलेल्या हवेचे चार-दोन बुडबुडे वर येतील, पण सलग फेस येता कामा नये. फेस आला तर पुडी बेकिंग पावडरची आहे असे समजावे. या चाचणीसाठी गरम पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात सोडा आम्लाशिवायही वायू सोडू लागतो.

## टप्पा 3 : भाषण लिहिण्याआधी प्रयोग करून पाहावा

विद्यार्थ्याने आधी पाहावे आणि मग लिहावे. पाठ केलेल्या भाषणात "प्रचंड उकळी फुटते", "स्फोट होतो" असे शब्द येतात, कारण लिहिणाऱ्याने ग्लासाकडे नीट पाहिलेले नसते.

सोड्याचा पाव चमचा कोरड्या ग्लासाच्या तळाशी ठेवावा आणि गाळलेला 20 मिली रस एकदम ओतावा. याउलट क्रमाने, म्हणजे रसात सोडा टाकत, हा प्रयोग व्यासपीठावर करू नये. पंख्याच्या वाऱ्याने पूड उडते, चमच्याला चिकटून राहते, आणि फेस वरच्या थरातच येऊन विरतो. रस वरून ओतला की बुडबुडे तळापासून उठतात आणि दुरूनही दिसतात.

पहिले काही क्षण जोराने फेस चढतो, बारीक सळसळ ऐकू येते, आणि लवकरच फेस बसू लागतो. नंतर काही वेळ तळातून तुरळक बुडबुडे निघत राहतात. कान ग्लासाजवळ नेल्यास ही सळसळ त्यानंतरही ऐकू येते. आता बोटाने ग्लासाच्या बाहेरील बाजूला स्पर्श करावा. ग्लास गरम झालेला नसतो, उलट किंचित गार लागतो, कारण ही अभिक्रिया सभोवतालची उष्णता शोषून घेते. "उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते" हे अनेक आम्ल-आम्लारींच्या बाबतीत खरे असले, तरी येथे लागू पडत नाही. हे बोटाने अनुभवलेल्या मुलाच्या भाषणात "उकळते" हा शब्द येणार नाही. तो "फसफसते" असेच लिहील.

फेस थांबल्यावर ग्लासात चिमूटभर सोडा टाकावा. पुन्हा फेस आला तर आम्ल शिल्लक होते. आला नाही तर आम्ल संपले होते. लिंबे कमीअधिक आंबट असतात, त्यामुळे प्रत्येक घरी उत्तर वेगळे येऊ शकते. आपल्या लिंबाचे उत्तर वहीत लिहून ठेवावे.

इशारा : हे मिश्रण कोणत्याही परिस्थितीत झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत करू नये. वायूला वाट मिळाली नाही तर दाब वाढून झाकण उडते किंवा बाटली फुटते.

## टप्पा 4 : भाषणाचा मसुदा

क्रम असा ठेवावा : एका ओळीचे अभिवादन, लगेच पहिला ग्लास, लगेच दुसरा ग्लास, मग स्पष्टीकरण आणि शेवटी एक छोटी चाचणी. विज्ञान दिनाचा इतिहास या भाषणात घेऊ नये. त्या दिवशी तो सूत्रसंचालक सांगतातच. रस ओतताना बोलू नये. श्रोत्यांना फेस पाहायला आणि ऐकायला तेवढे क्षण मिळाले पाहिजेत.

पुढील मसुदा सातवीच्या विद्यार्थिनीसाठी लिहिला आहे. कंसातील सूचना बोलायच्या नाहीत, करायच्या आहेत.

> आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.
>
> माझ्यासमोर दोन ग्लास आहेत. दोन्हींत पाव पाव चमचा खाण्याचा सोडा आहे. पहिल्या ग्लासात मी साधे पाणी ओतते. (पाणी ओतून थांबणे.) सोडा विरघळतो आहे, पण फेस येत नाही. आता दुसऱ्या ग्लासात तेवढाच लिंबाचा रस ओतते. (रस ओतणे. फेस बसू लागेपर्यंत काहीही न बोलणे.)
>
> हा फेस पाण्यामुळे आला असता, तर तो पहिल्या ग्लासातही आला असता. म्हणून त्याचे कारण रसातच शोधले पाहिजे. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल असते. त्यामुळेच लिंबू आंबट लागते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो येथे आम्लारी म्हणून काम करतो.
>
> दोन्ही एकत्र आल्यावर दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे सोड्याने आम्लाचा आम्लपणा संपवला. याला उदासिनीकरण म्हणतात. त्यातून सोडियम सायट्रेट हा क्षार तयार झाला. तो पाण्यात विरघळलेला आहे, म्हणून आपल्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट अशी की सोड्यातील बायकार्बोनेटपासून कार्बोनिक आम्ल तयार झाले. ते टिकत नाही. त्याचे लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत विघटन होते. आपण पाहिलेला प्रत्येक बुडबुडा या वायूचा होता.
>
> प्रत्येक आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर असा फेस येतोच असे नाही. चुन्याच्या स्वच्छ निवळीत लिंबाचा रस घातला तर उदासिनीकरण होते, पण बुडबुडे येत नाहीत, कारण निवळीत बायकार्बोनेट नसते.
>
> दुसऱ्या ग्लासातला फेस आता थांबला आहे. याचा अर्थ आम्ल किंवा सोडा यांपैकी काहीतरी संपले आहे. काय संपले ते पाहू. (चिमूटभर सोडा टाकणे आणि दिसेल तसे एक वाक्य बोलणे.)
>
> पुन्हा फेस आला, म्हणजे आम्ल शिल्लक होते आणि सोडा संपला होता. / फेस आला नाही, म्हणजे आम्ल संपले आहे.
>
> धन्यवाद.

शेवटची दोन्ही वाक्ये पाठ करून घ्यावीत आणि समोर जे दिसेल त्याप्रमाणे त्यांपैकी एकच बोलावे. एकच उत्तर पाठ केले आणि ग्लासाने दुसरेच दाखवले, तर विद्यार्थिनी गोंधळते किंवा न दिसलेली गोष्ट दिसली म्हणून सांगते. दुसरी शक्यता विज्ञान दिनाच्या व्यासपीठावर तर मुळीच येऊ देऊ नये.

वरच्या वर्गासाठी "दोन गोष्टी घडल्या" या परिच्छेदात आयनांचा उल्लेख वाढवावा. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन देते, हा आयन बायकार्बोनेट आयनाला जोडला जातो आणि कार्बोनिक आम्ल बनते, एवढे एक वाक्य पुरते.

## टप्पा 5 : हात आणि वाक्ये यांची एकत्र तालीम

भाषण आधी नुसते पाठ करायचे आणि प्रयोग शेवटच्या दिवशी जोडायचा, ही पद्धत सोडून द्यावी. हात कामात असताना पाठ केलेले वाक्य विसरते. पहिल्या तालमीपासून दोन्ही ग्लास समोर असावेत. रस दरवेळी खर्च करायचा नसल्यास दोन्ही ठिकाणी पाणी ओतले तरी चालेल, पण ओतण्याची क्रिया झाली पाहिजे.

ज्या घरात अहिराणी बोलली जाते तेथे विद्यार्थ्याने हीच गोष्ट आधी आजीला अहिराणीत सांगावी. समजून न घेता पाठ केलेला भाग तेथे लगेच उघडा पडतो, कारण त्या भागासाठी घरचे शब्द सापडत नाहीत. साधारणपणे अडखळण्याची जागा "ते टिकत नाही, त्याचे विघटन होते" ही असते. तेथे टप्पा 1 पुन्हा वाचावा, आणि मगच प्रमाण मराठीतील मसुद्याकडे परत यावे.

घड्याळ लावून एकदा पूर्ण भाषण म्हणावे. तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बोलण्याचा वेग न वाढवता निवळीचा परिच्छेद एका वाक्यावर आणावा. रस ओतल्यानंतरची शांतता मात्र कमी करू नये.

## टप्पा 6 : कार्यक्रमाच्या दिवशी

लिंबे सकाळीच पिळून रस गाळून घ्यावा. बिया आणि गर राहिले तर ते फेसाबरोबर वर येतात आणि बुडबुडे नीट दिसत नाहीत. रस काचेच्या किंवा प्लास्टिकच्या लहान बाटलीत न्यावा. अ‍ॅल्युमिनिअम, तांबे किंवा पितळेच्या भांड्यात तो ठेवू नये, कारण आम्लाचा धातूवर परिणाम होतो.

सोडा मोजून दोन कागदी पुड्यांत बांधावा आणि तिसरी पुडी चिमूटभर सोड्याची ठेवावी. पुड्या व्यासपीठावर उघडू नयेत. आपले नाव पुकारले जाण्याच्या थोडे आधी बाजूला जाऊन सोडा ग्लासात घालावा. ग्लास आतून पूर्ण कोरडे असले पाहिजेत. ओल्या ग्लासात सोडा भिंतीला चिकटतो. ग्लास ताटात ठेवावेत आणि मागे काळा पुठ्ठा उभा करावा. पांढरा फेस पांढऱ्या भिंतीसमोर तिसऱ्या रांगेपासून दिसेनासा होतो.

फेस वाढावा म्हणून भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो येथे मानू नये. साबणाचा फेस बराच वेळ टिकतो, अभिक्रिया कधी थांबली हे कळत नाही आणि भाषणातली शेवटची चाचणीच निरुपयोगी होते.

पडताळणी : पाण्याचे माप आणि रसाचे माप सारखे आहे का? दोन्हींत 20 मिली नसेल तर तुलना खरी राहत नाही.

इशारा : फेसाचे थेंब डोळ्यांत उडाल्यास भरपूर साध्या पाण्याने धुवावे. प्रयोगातले मिश्रण सरबत म्हणून कोणालाही पिऊ देऊ नये.

## टप्पा 7 : प्रश्नांची तयारी

वायू कार्बन डायऑक्साइडच आहे हे कशावरून, असा प्रश्न बहुधा पहिला येतो. त्यासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली चुन्याची ताजी, गाळलेली निवळी एका वेगळ्या ग्लासात तयार ठेवावी. फेस बसल्यावर दुसरा ग्लास तिच्यावर हळूच कलता करावा, मात्र त्यातील द्रव सांडू देऊ नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली उतरतो. निवळीचा ग्लास हलकेच फिरवला की ती दुधाळ होते. निवळी त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असते, त्यामुळे ती मुलांच्या हाती देऊ नये.

कोरडे लिंबूसत्व आणि कोरडा सोडा एकत्र केल्यास फेस येईल का, असेही विचारले जाते. येत नाही. दोघांना विरघळवणारे पाणी मिळाल्याशिवाय त्यांची अभिक्रिया नीट सुरू होत नाही, आणि पित्तावर घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या पावडरी पाकिटात कोरड्या टिकतात त्या यामुळेच.

तिसरा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो आणि त्यात पुष्कळ जण फसतात : भज्यांच्या पिठात सोडा घालतात, तीही हीच अभिक्रिया का? पिठात दही किंवा लिंबू नसेल तर उत्तर "नाही" असे आहे. तेथे सोडा तेलाच्या उष्णतेने विघटित होतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो; वायू तोच असतो, पण आम्लाचा भाग फारसा नसतो. ढोकळ्याच्या पिठात दही किंवा लिंबाचा रस आणि सोडा दोन्ही असतात, त्यामुळे तेथे मात्र आपण ग्लासात पाहिली तीच आम्ल-आम्लारी अभिक्रिया घडते, आणि म्हणूनच सोडा घातल्यावर ते पीठ फार वेळ ठेवत नाहीत, लगेच वाफवायला लावतात.